गनिमी काव्यापुढे मोठी फौज का अडते?

‘गनीम’ या शब्दाचा अर्थ शत्रू. मोगल दरबारचे अखबारनवीस मराठ्यांना गनीम म्हणत, आणि या गनिमांच्या लढण्याची जी रीत तिलाच पुढे गनिमी कावा हे नाव रूढ झाले. म्हणजे आज मराठी माणूस ज्या शब्दाचा अभिमान बाळगतो तो मुळात प्रतिपक्षाने चिडून वापरलेला शब्द आहे. युरोपातही असेच घडले. १८०८ नंतर स्पेनमधील शेतकऱ्यांनी व धनगरांनी नेपोलियनच्या फौजांना जे जेरीस आणले, त्यावरून ‘गेरिला’, म्हणजे ‘लहानशी लढाई’, हा शब्द जगभर पसरला. परंतु लहान लढाईने मोठे साम्राज्य कसे खचते, याचे उत्तर शोधण्यासाठी स्पेनला जाण्याची गरज नाही. निपाणीपासून जवळच, कागल तालुक्यात, सेनापती कापशी हे गाव आहे. संताजी घोरपड्याच्या वंशजांचे हे ठाणे, आणि गावाच्या नावातील ‘सेनापती’ हे पद त्याचेच. त्या सेनापतीची एक मोहीम नीट पाहिली तरी या युद्धपद्धतीचे बहुतेक सारे मर्म हाती लागते.

प्रथम मोठी फौज म्हणजे काय हे ध्यानात घेतले पाहिजे. १६८१ च्या सुमारास औरंगजेब दक्षिणेत उतरला तो पुन्हा उत्तरेस गेलाच नाही. १६८६ साली विजापूर व १६८७ साली गोवळकोंडा ही राज्ये त्याने बुडविली. बेळगावही मोगलांच्या हाती जाऊन आजमनगर झाले. १६८९ साली संभाजीराजांचा वध झाला, रायगड पडला, आणि जुन्या युद्धशास्त्राप्रमाणे पाहता युद्ध संपले. राजा मारला, राजधानी घेतली, आता उरले काय? पण युद्ध संपले नाही. ते पुढे अठरा वर्षे चालले. कृष्णाकाठी गलगले आणि भीमाकाठी ब्रह्मपुरी येथे बादशहाची छावणी वर्षानुवर्षे पडून होती. ही छावणी म्हणजे एक चालते शहरच होते. तीत शिपायांपेक्षा बाजारबुणगे, कारागीर, व्यापारी, नोकर-चाकर अधिक.

अशा फौजेचे बळ आणि दुबळेपण एकाच गोष्टीत असते, ती म्हणजे तिचा आकार. साधा हिशेब करून पाहावा. एका घोड्याला दिवसाकाठी ढोबळ मानाने दहा किलो तरी वैरण लागते. दहा हजार घोड्यांना एक लाख किलो. एका लमाणी बैलाच्या पाठीवर शंभर किलो ओझे धरले, तर केवळ वैरणीसाठी रोज हजार बैल छावणीत पोचले पाहिजेत. माणसांचे धान्य, तोफांचे बैल आणि हत्तींचा चारा यांची गणना निराळीच. ही बैलांची रांग ज्या वाटेने येते ती वाट म्हणजे फौजेचा गळा होय. मराठी स्वाराचे तट्टू लहान, डोंगरातल्या गवतावर जगणारे. स्वाराजवळ तंबू नाही, सामान नाही. घोंगडी आणि ज्वारी-बाजरीची भाकर एवढा त्याचा संसार. त्याला मोगली फौजेशी लढावे लागतच नव्हते. तिचा गळा दाबला की पुरे होते.

आता ती मोहीम पाहू. १६९५ च्या अखेरीस संताजी कर्नाटकातील मोगली मुलूख लुटून परत फिरत होता. त्याला वाटेत अडवावे म्हणून बादशहाने शिऱ्याचा फौजदार कासिमखान याला आज्ञा केली, आणि त्याच्या मदतीस खानाजादखान वगैरे नामांकित सरदार निवडक स्वारांसह छावणीतून रवाना केले. दरबारचे पाहुणे येणार म्हणून कासिमखानाने आदराची जंगी तयारी केली. अडोणीच्या किल्ल्यातून भारी तंबू, सोन्यारुप्याची व चिनी मातीची भांडी बाहेर काढली आणि पुढच्या मुक्कामासाठी ते सारे सामान सुमारे तीन कोस पुढे पाठवून दिले.

ही वार्ता संताजीला अचूक लागली. त्याने आपल्या स्वारांच्या तीन टोळ्या केल्या. पहिली पहाटेच पुढे गेलेल्या तंबूंवर तुटून पडली. ते कळताच कासिमखान घाईघाईने मदतीस धावला, तर वाटेत दुसरी टोळी त्याला सामोरी झाली. तो तिच्याशी झुंजत असता तिसरी टोळी, जी आतापर्यंत राखून ठेवलेली होती, ती मागे उरलेल्या मुख्य छावणीत शिरली आणि तिने सगळे लुटले. एका सकाळीच मोगलांचे सामान, धान्य आणि परतीची वाट ही तिन्ही गेली. खान व त्याचे सरदार कसेबसे चित्रदुर्गच्या मुलुखातील दोड्डेरीच्या लहानशा गढीत घुसले.

येथे संताजीने जे केले नाही ते विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. त्याने गढीच्या तटावर माणसे मरायला पाठविली नाहीत. त्याने नुसता वेढा घातला. चित्रदुर्गच्या नायकाचे बंदूकधारी काळे प्यादे त्याच्या बाजूस मिळाले होते. त्यांना रानाची खडान्‌खडा माहिती होती आणि त्यांचा नेम अचूक होता. गढीतील धान्य लवकरच सरले, जनावरे उपासमारीने मरू लागली. कासिमखानाला अफूचे व्यसन होते, अफू न मिळाल्याने तो मेला असे काही लिहितात. अपमान टाळण्यासाठी त्याने विष घेतले असेही काहींनी म्हटले आहे. अखेर खानाजादखानाने वीस लाख रुपये खंडणी कबूल केली, सारी चीजवस्तू सोडून दिली आणि जीव वाचविला. संताजीने त्या भुकेलेल्या लोकांना अन्नपाणी देऊन जाऊ दिले. हे औदार्य होते आणि हिशेबही होता. शरण गेल्यास जीव वाचतो हे ज्या शिपायाला ठाऊक असते, तो पुढच्या वेळी फार वेळ झुंजत नाही. यानंतर थोड्याच आठवड्यांत, जानेवारी १६९६ मध्ये, बसवापट्टणजवळ हिंमतखान हा दुसरा मोठा मोगल सरदारही संताजीशी लढताना पडला.

दोड्डेरीच्या या प्रसंगात शौर्य आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बातमी. तंबू कोठे पाठविले, फौज कोणत्या वाटेने येते, गढीत दाणा किती आहे, हे संताजीला माहीत होते; उलट संताजी कोठे आहे हे कासिमखानाला माहीत नव्हते. हा फरक कोठून येतो? तो खेड्यातून येतो. पाणवठ्यावरच्या बायका, रानातला गुराखी, वाटेवरचा धनगर, चावडीवरचा पाटील यांच्या डोळ्यांसमोरून दोन्ही फौजा जातात. ते ज्याला सांगतील त्याला डोळे येतात, आणि ज्याच्यापाशी मुके राहतील तो आंधळा होतो. शिपाई, तोफा, पैसा हे सर्व आंधळ्याच्या हातातील काठीसारखे आहे. काठी कितीही जाड असली तरी ती कोठे मारावी हे कळत नाही.

मग बादशहाने ठाणी बसवून मुलूख धरून ठेवला असता तर? तो उपाय त्याने केलाच, आणि तेथेच मोठ्या फौजेची दुसरी अडचण उघडी पडते. एका प्रांतात तीस ठाणी आहेत आणि प्रत्येक ठाण्यात शंभर स्वार ठेवले आहेत अशी कल्पना करावी. सरकारचे एकूण स्वार तीन हजार झाले. बंडखोर अवघे पाचशे आहेत. कागदावर सरकार सहापट बलवान. परंतु ते पाचशे एका रात्री एकाच ठाण्यावर आले, तर त्या जागी त्या घटकेला बंडखोरच पाचपट बलवान असतात. दुसऱ्या ठाण्याची मदत पोचेपर्यंत ते वीस कोस दूर गेलेले असतात. ठाणी वाढवावीत तर प्रत्येक ठाणे दुबळे होते. ठाणी एकत्र करावीत तर मधला मुलूख मोकळा पडतो. सरकारला प्रत्येक ठिकाण प्रत्येक रात्री राखावे लागते, बंडखोराला एकच ठिकाण एकाच रात्री निवडायचे असते. म्हणून अशा लढायांत संख्येचा हिशेब नेहमीचा राहत नाही.

१६९९ च्या शेवटी वृद्ध बादशहाने ब्रह्मपुरी सोडली आणि किल्ले घेण्याची मोहीम स्वतः हाती घेतली. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड असे एकामागून एक किल्ले त्याने घेतले. परंतु यांपैकी पुष्कळ किल्ले रक्कम मोजून मिळालेले होते. मराठा किल्लेदार काही महिने लढे, मोगलांचा पैसा व पावसाळा खर्ची पाडी आणि शेवटी मोठी रक्कम घेऊन शिबंदीसह सुखरूप बाहेर पडे. जून १६०२ नव्हे, बरोबर शंभर वर्षांनी, जून १७०२ मध्ये विशाळगड असाच मिळाला. त्यानंतर भर पावसात पन्हाळ्याकडे परतताना सुमारे तीस मैलांची वाट चालायला बादशाही लष्कराला अडतीस दिवस लागले. नाले फुगलेले, तोफा चिखलात रुतलेल्या, जनावरे मरून पडलेली. शत्रूची एक गोळीही लागण्याची आवश्यकता नव्हती. बादशहा पुढे सरकला की मागचे किल्ले मराठे पुन्हा घेऊ लागत. १७०७ साली अहमदनगरजवळ भिंगार येथे औरंगजेब वारला, तेव्हा पाव शतकाच्या खर्चाबद्दल दाखविण्यासारखे फारच थोडे मोगलांच्या हाती होते.

तोवर मुलुखात एक निराळीच व्यवस्था उभी राहिली होती. मराठ्यांचे कमाविसदार चौथ व सरदेशमुखी वसूल करू लागले. ज्या प्रांताचा धनी कागदोपत्री बादशहा होता, त्या प्रांतात रयत दोन धन्यांना सारा देई. मोगल अंमलदारही आपला जीव व जहागीर सांभाळण्यासाठी आतून मराठ्यांशी समेट करीत. राज्य म्हणजे केवळ किल्ल्यावरचे निशाण नव्हे. वसूल कोण घेतो, तंटा कोण तोडतो, वाटेचा परवाना कोण देतो, यांवरून राज्य कोणाचे ते ठरते. गनिमी युद्ध जिंकले जाते ते येथे. छापे हे त्याचे दिसणारे अंग, आणि ही छुपी वसुली व छुपा न्याय हे त्याचे न दिसणारे अंग.

शिवाय या युद्धाला एक डोके नव्हते. संभाजीराजे गेले तेव्हा राजाराममहाराज जिंजीस गेले, आणि इकडचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांनी चालविला. १७०० साली राजाराममहाराज वारले, तेव्हा ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली. १६९७ साली संताजी स्वकीयांच्या वैरातून मारला गेला, तरी धनाजी जाधव होताच. ज्या सरदाराने जो मुलूख सोडवावा तो त्याच्याकडे चालवावा, अशी देणगीची रीत पडल्याने प्रत्येक टोळीला स्वतःचा स्वार्थ होता. मान कापण्यासाठी मोगलांना एक मान सापडतच नव्हती.

मात्र या चित्राची दुसरी बाजू झाकता कामा नये. गनिमी सेना आपल्या माणसांचे रक्षण करू शकत नाही. ती छापा घालून निघून जाते आणि तिचा सूड गावाला भोगावा लागतो. त्या वर्षांत दख्खनची शेते ओस पडली. १७०२ पासूनच्या दोन-तीन वर्षांत दुष्काळ व साथ यांनी कहर केला. ज्या स्वाराला वर्षानुवर्षे लुटीवर जगावे लागते त्याला पुढे शत्रूचे गाव आणि आपले गाव यांतील भेद उरत नाही. संताजीचा अंतही शिस्त आणि मत्सर यांच्या झगड्यातच झाला. ही युद्धपद्धती दुबळ्याचे शस्त्र खरे, पण तिची किंमत सर्वांत आधी दुबळ्यालाच मोजावी लागते.

येथे असे विचारता येईल की, मग सरकार कधीच जिंकत नाही काय? जिंकते. त्याचे उदाहरणही याच सीमाभागात आहे. १८२४ साली कित्तूर संस्थानचे दत्तकविधान इंग्रजांनी नाकारले. त्या लढ्यात धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, पण डिसेंबरात किल्ला पडला आणि राणी चन्नम्मा बैलहोंगल येथे कैदेत राहिली. तिथेच १८२९ साली तिचा अंत झाला. त्यानंतर उठला तो संगोळ्ळी रायण्णा. हा शेतसनदी होता, म्हणजे गावच्या राखणीबद्दल जमीन खाणारा शिपाई. नव्या अंमलात त्याची बरीच जमीन गेली आणि उरलेल्या जमिनीवर भारी सारा बसला. त्याच्यासारखी पुष्कळ माणसे त्या मुलुखात होती. तीच त्याची फौज झाली. खानापूर, बिडी, नंदगड या जंगलपट्टीत त्याने सरकारी कचेऱ्या जाळल्या, खजिने लुटले, सावकार-जमीनदारांकडून वसूल घेतला. जानेवारी १८३० मध्ये बिडीची कचेरी जळाली. उघड्या मैदानात गाठून त्याचा मोड करणे सरकारी पलटणींना जमले नाही.

तरीही एप्रिल १८३० मध्ये रायण्णा पकडला गेला आणि जानेवारी १८३१ मध्ये त्याला नंदगड येथे फाशी झाली. हे पलटणींनी केले नाही. स्थानिक गावमुखंडांपैकी काहींना सरकारने आपल्या बाजूस वळविले आणि त्यांच्याकडून दगा झाला. म्हणजे दोड्डेरीला जी बातमी संताजीच्या बाजूस होती ती येथे सरकारच्या बाजूस गेली. रायण्णा ज्यांच्याकडून वसूल घेत होता ते त्याचे वैरी झाले होते. त्यातच बंडाला एकच डोके होते, मागे जिंजीसारखा आश्रय नव्हता, आणि ज्या बालकाच्या नावाने लढायचे तो दत्तक पुत्रही सरकारच्या हाती सापडला. डोके गेले तसे बंड विसावले.

पण विसावले म्हणजे संपले काय? चौदाच वर्षांनी, १८४४ साली, थोडे उत्तरेस कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांनी दंगा केला. कारण पुन्हा तेच: नव्या कारभारात गडकऱ्यांच्या परंपरागत जमिनींना व हक्कांना हात लागला. गडहिंग्लजजवळचा सामानगड आणि भुदरगड यांचे दरवाजे गडकऱ्यांनी बंद करून घेतले. बेळगावहून पलटणी निघाल्या. येथे बंडखोरांनी एक मोठी चूक केली. ते तटाच्या आत बसले. किल्ल्यात बसलेला गनीम हा गनीम राहत नाही. तो तोफेला स्थिर निशाण देतो. ऑक्टोबरात सामानगड आणि डिसेंबरच्या आरंभी पन्हाळा इंग्रजांनी घेतला. याउलट सावंतवाडीकडील मनोहरगडाच्या रानात जे पसरले, त्यांना आवरायला १८४५ साल उजाडले, आणि तेव्हाही कित्येक जण पोर्तुगीज हद्दीत, गोव्यात, निसटले. दुसऱ्या राज्याची सीमा पाठीशी असली की पाठलाग करणाऱ्या फौजेचे पाय तिथे थबकतात.

विसाव्या शतकातही हाच धडा पुन्हा गिरविला गेला. मलायात १९४८ ते १९६० या काळात इंग्रजांनी बंडखोरांचा मोड केला. पण त्यासाठी सुमारे पाच लाख माणसे रानाकाठच्या वस्त्यांतून उठवून राखणीच्या नव्या गावांत वसवावी लागली, आणि त्याच वेळी १९५७ साली देशाला स्वातंत्र्य द्यावे लागले. स्वातंत्र्य मिळताच बंडखोरांच्या हातचे सर्वांत मोठे कारण गेले. म्हणजे अर्धे काम शिपायांनी केले आणि अर्धे राज्यकर्त्यांच्या निर्णयाने झाले. जेथे हे दुसरे अर्धे होत नाही, तेथे सरकार बारा वर्षे लढले काय किंवा पंचवीस वर्षे लढले काय, फरक पडत नाही.

अशा लढाईत कोण जिंकत आहे हे ओळखायचे कसे? मारलेल्या माणसांची संख्या फसवी असते. घाबरलेला अंमलदार मेलेल्या प्रत्येकाला बंडखोर लिहितो, आणि निरपराधाच्या प्रत्येक प्रेतामागे त्याचे भाऊबंद रानाकडे जातात. घेतलेल्या ठाण्यांची यादीही फसवी, हे औरंगजेबाच्या किल्ल्यांनी दाखविले. खऱ्या खुणा लहान असतात. सूर्य मावळल्यावर सरकारी चपराशी एकटा गावात जातो काय? पाटील आपल्या घरी झोपतो की ठाण्यात? सारा एकदाच वसूल होतो की दोनदा? आणि बातमी सांगायला माणूस स्वतः होऊन येतो की धरून आणावा लागतो? ज्या दिवशी तो स्वतः येऊ लागतो त्या दिवशी बंड मावळू लागते. तोपर्यंत फौज कितीही मोठी असली तरी ती परक्या मुलुखात अंधारात उभी असते, आणि त्या अंधारात कोठे काय आहे हे फक्त गावाला ठाऊक असते.